'स्लोप रेटिंग'ला मराठीत काय म्हणाल?

मंजिरी: गोल्फवरचा एक लेख भाषांतरित करतेय. 'कोर्स रेटिंग ७३, स्लोप १३६' याचं मी 'मैदानाचं मानांकन ७३, उतार १३६' केलं. संपादकांनी विचारलं, १३६ काय, अंश? 'उतार' चुकला का?

शब्दवेडा: उतार नकोच, जमिनीशी त्याचा संबंध नाही. सपाट मैदानाचाही स्लोप जास्त असू शकतो. स्लोप म्हणजे मैदान किती अवघड ते. सरळ 'काठिण्यांक' म्हणा.

जुना गोल्फर: काठिण्यांक अर्धाच बरोबर आहे. अवघडपणा दोन्ही आकड्यांत असतो. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, जितका कमी तितका खेळाडू चांगला. रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपचा, म्हणजे स्क्रॅच खेळाडू तिथे साधारण किती फटक्यांत खेळेल ते. स्लोप सांगतो, त्याच्या तुलनेत वीसेक हँडिकॅपचा बोगी खेळाडू किती मागे पडेल. समजा टीपुढे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपुढे, तळं आहे आणि ते पार करायला चेंडू २२० यार्ड हवेत जायला हवा. स्क्रॅच खेळाडू २५० मारतो, त्याला ते तळं दिसतही नाही. बोगीवाल्याची मजल २०० यार्डांची, त्याचा चेंडू पाण्यात. रेटिंग जवळपास तेच राहतं, स्लोप वाढतो.

पार्थ: माझंच बघा ना. नेहमीच्या मैदानावर ९०, परवा पाहुणा म्हणून दुसरीकडे गेलो तिथेही ९०. पार, म्हणजे मैदानाचे ठरलेले फटके, दोन्हीकडे ७२. म्हणजे खेळ सारखाच झाला, नाही का?

जुना गोल्फर: नाही, आणि या हिशेबात पार येतच नाही. दोन्हीकडचे आकडे काय?

पार्थ: नेहमीचं ६९ आणि ११३. दुसरं मंजिरीताईंच्या लेखातल्यासारखंच, ७३ आणि १३६.

जुना गोल्फर: मग स्कोअरमधून रेटिंग वजा करा, ११३ ने गुणा, स्लोपने भागा. ११३ हा प्रमाण स्लोप. पहिल्या मैदानावर २१, दुसऱ्यावर १७ गुणिले ११३ भागिले १३६, म्हणजे १४.१. परवा तुम्ही फारच सरस खेळलात! फक्त टी कुठली होती ते तपासा. रेटिंग आणि स्लोप टीनुसार बदलतात. मागच्या टीचे आकडे धरून पुढून खेळला असाल, तर हिशेब फसवा.

सुनंदा: शाळेच्या भूमितीत 'रेषेचा चढ' शिकवतो, तोच हा स्लोप. आडव्या अक्षावर हँडिकॅप, उभ्यावर स्कोअर. रेषा जितकी तीव्र, तितका नवख्याला फटका. 'चढ'च हवा.

शब्दवेडा: चढ म्हटलं की वाचक पुन्हा टेकडीच बघणार. आणि 'मानांकन' तर टेनिसवाल्यांचं, त्यात क्रम येतो.

जुना गोल्फर: खेळणारे सगळे 'स्लोप'च म्हणतात. स्कोअरकार्डावर एक शब्द आणि लेखात दुसरा, हे कशासाठी?

सुनंदा: मग मराठीत लिहायचं तरी कशाला?

पार्थ: कार्ड पाहिलं. त्याच टीसमोर दोन रेटिंग छापलीत, पुरुषांचं ७३ आणि बायकांचं ७९. छपाईची चूक आहे का?

जुना गोल्फर: चूक नाही. एकाच टीचं रेटिंग स्त्री-पुरुषांसाठी वेगळं काढतात, स्लोपही. तुमचं ७३च.

मंजिरी: लेखात एक महिला खेळाडू आहे. तिच्या नावापुढे ७३ आणि १३६च दिलंय. आता मूळ लेखच तपासायला हवा.