पॉलिसी मोडावी की तिच्यावर कर्ज घ्यावं?

वाटसरू: वीस वर्षांची बोनसवाली एन्डोमेंट पॉलिसी आहे. विमा रक्कम 10 लाख, वर्षाला 50 हजारांचा हप्ता, अकरा हप्ते भरून झाले, आजवर 4 लाख 40 हजार बोनस जमा आहे. घराच्या कामाला 4 लाख कमी पडताहेत. कंपनीच्या पत्राप्रमाणे आज सरेंडर केली तर 5 लाख 20 हजार मिळतील. कर्ज त्याच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळेल, व्याज 10 टक्के, सहामाही चढणारं. साडेपाच लाख भरून त्याहून कमी हातात घ्यायचे, म्हणून मोडवत नाही. वय 44, दोन वर्षांपासून मधुमेह आहे. काय करावं?

रोखठोक: मोडून टाका. बोनस आतासारखाच लागत राहिला तर वीस वर्षांनी साधारण 18 लाख येतील. पहिल्या हप्त्यापासून हिशेब लावलात तर हा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास पडतो. आणि त्याच पॉलिसीवर तुम्ही 10 टक्क्यांनी कर्ज काढणार? सव्वापाच कमवायचे म्हणून दहा भरायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

नंदिनी: रोखठोक, तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो या निर्णयाला लागू होत नाही. मी बरीच वर्षं पॉलिसी सर्व्हिसिंगच्या कामात होते, तिथे ही गफलत रोज पाहिली. पहिल्या वर्षांतलं कमिशन, खर्च, सरेंडरची कपात, हे सगळं केव्हाच वजा झालंय. मोडली तरी ते परत येणार नाही. म्हणून साडेपाच लाख भरले हेही विसरा आणि सव्वापाच टक्केही विसरा.

प्रश्न आजपासून पुढचा आहे. आज तुमच्या हातात येऊ शकणारे 5.20 लाख तुम्ही पॉलिसीतच ठेवता, त्यात नऊ हप्ते घालता आणि नऊ वर्षांनी 18 लाख घेता. हा परतावा जवळपास 8.7 टक्के पडतो. कर्जाचं 10 टक्के व्याज सहामाही चढलं की वर्षाला 10.25 होतं. म्हणजे खरा फरक दीड टक्क्याचा. 4 लाखांवर पहिल्या वर्षी साधारण 6 हजार. पॉलिसी आणि तिचं संरक्षण राखण्याची किंमत एवढीच. फक्त 18 लाखांतला पुढचा बोनस कुणी लिहून दिलेला नाही. तो घटला तर हा फरक वाढेल.

मिलिंद: आणि पॉलिसीवरचं कर्ज म्हणजे शेवटी आपलेच पैसे ना! व्याजही आपल्याच पॉलिसीत जातं. त्यामुळे सावकाश फेडलं तरी बिघडत नाही.

नंदिनी: नाही हो मिलिंदभाऊ, व्याज कंपनीला जातं, तुमच्या पॉलिसीत नाही. पैसे कंपनीचे असतात, तुमची पॉलिसी त्यांच्याकडे तारण राहते. बाँड त्यांच्या नावे असाइन करून द्यावा लागतो. तुमचं एवढं मात्र खरं की इथे हप्ते बांधून फेडायची सक्ती सहसा नसते, नुसतं व्याज भरत राहिलं तरी चालतं. पण ही मोकळीकच घात करते, कारण न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळतं.

शाल्मली: यावर आमच्या घरातलं सांगते. बाबांनी सरेंडर व्हॅल्यूच्या 90 टक्के कर्ज उचललं आणि ओढाताण झाली म्हणून पॉलिसीचे हप्तेही थांबवले. त्यांना वाटलं, मृत्यूनंतर कर्ज वजा करून बाकीचे आईला मिळतील. पाचव्या वर्षी कर्ज आणि व्याज मिळून सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं आणि कंपनीने पॉलिसी बंद केली. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली होती. आठ महिन्यांनी बाबा गेले. आईला काहीच मिळालं नाही. पंधरा वर्षांचे हप्ते होते ते.

नंदिनी: शाल्मली, वाईट वाटलं वाचून. हे घडतं ते अशाच जोडीने: कर्ज काठोकाठ आणि हप्ता बंद. हप्ता थांबला की पॉलिसी पेड-अप होते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेल्या विमा रकमेवर चालू राहते, सहसा नवा बोनस लागत नाही आणि सरेंडर व्हॅल्यू हळू वाढते. कर्ज मात्र 10.25 टक्क्यांनी पळत असतं. वाटसरूंच्याच पॉलिसीत त्यांनी पूर्ण 4.68 लाख उचलून हप्ता बंद केला, तर माझ्या अंदाजाने चार वर्षांत कर्ज वर जाईल. 4 लाखच घेतले आणि हप्ता चालू ठेवला तर ती वेळ येत नाही.

वाटसरू, संरक्षणाचं बघा. आज दावा आला तर 14.40 लाख. कर्ज घेतल्याबरोबर तो 10.40 वर येतो. पुढे एक पैसाही व्याज भरलं नाहीत तर कर्ज पहिल्या वर्षी 41 हजारांनी वाढतं आणि बोनस 40 हजारांनी, त्यामुळे सुरुवातीला घरच्यांचा आकडा जवळपास तिथेच राहतो. पाच वर्षांनी तो 9.90 च्या आसपास असेल. सरेंडर केलंत तर त्याच दिवसापासून शून्य.

गौरव: माझी टर्म पॉलिसी आहे, सात वर्षं झाली. मला किती कर्ज मिळेल?

नंदिनी: साध्या टर्मला सरेंडर व्हॅल्यू नसते, त्यामुळे तारण ठेवायलाही काही नसतं. कर्ज मिळणार नाही.

रोखठोक: पुढच्या परताव्याचा मुद्दा मान्य, तो मी चुकवला होता. पण कर्ज फेडलंच नाही तर काय, हे मी मांडून पाहिलं. नऊ वर्षांनी 4 लाखांचे 9.63 लाख होतात. 18 मधून वजा केले की हाती 8.37. उलट सरेंडर केलं तर कामातून 1.20 लाख उरतात आणि दरवर्षी 50 हजारांचा हप्ता वाचतो. हे सगळं फक्त साडेसहा टक्क्यांनी वाढलं तरी तेवढेच 8.37 लाख होतात. म्हणजे ज्याच्याकडून कर्ज फिटणार नाही, त्याने कर्ज घेऊन पैशात फार काही कमावलं नाही. संरक्षणासाठी 10 लाखांची टर्म घ्यावी.

नंदिनी: हिशेब बरोबर आहे. माझं अडतं ते शेवटच्या वाक्यावर. 44 व्या वर्षी मधुमेहासह टर्म मागितली की तपासण्या होतात, हप्ता वाढवून सांगतात, कधी नाकारतात. एकदा नाकारलं की पुढच्या प्रत्येक अर्जात ते सांगावं लागतं. आणि नव्या पॉलिसीत सुरुवातीच्या वर्षांतला दावा फार बारकाईने तपासतात. जुन्या पॉलिसीचा विमा मधुमेहाआधीचा आहे, आजच्या तब्येतीने तो तसा विकत मिळत नाही. शिवाय वाचलेले 50 हजार दरवर्षी खरोखर बाजूला टाकणारी माणसं मी कमी पाहिली.

रोखठोक: कमी असतील, पण असतात. शिस्त नाही असं गृहीत धरून सल्ला देणं मला योग्य वाटत नाही. टर्म मिळाली तर मी अजूनही सरेंडरच म्हणेन.

वाटसरू: आभार. दीड वर्षात 2 लाख तरी परत करता येतील, बाकीच्याची खात्री नाही. हप्ता मात्र भरू शकेन. आधी टर्मचा अर्ज करतो. पॉलिसी हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावत नाही. तोवर काम थांबणार नाही, म्हणून सध्या 2 लाखांचंच कर्ज काढतो. टर्म योग्य हप्त्यात मिळाली तर रोखठोकांचा हिशेब पुन्हा मांडू. पुढे सरेंडर केली तर हे कर्ज त्यातूनच वळतं होईल ना?

नंदिनी: होईल. त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह कापून उरलेली रक्कम देतात. कर्ज घेतानाच कंपनीकडचा पत्ता आणि फोन नंबर नीट करून घ्या, आणि व्याजाच्या दोन्ही सहामाही तारखा घरच्यांनाही सांगून ठेवा.