सल्ला हवा: रुग्णांसाठीच्या पत्रकात ईसीजी, बीपी, ग्रेव्हज, थ्रॉम्बाय हे सगळं मराठीत कसं लिहावं?

रानजाई
एका रुग्णालयासाठी घडीपत्रकाचा मजकूर तपासते आहे. विषय आहे थायरॉइड आणि हृदय. वाचणार रुग्ण आणि घरची माणसं. जागा अगदी थोडी, त्यामुळे तळटीपा आणि शेवटी शब्दसूची शक्य नाही. वाक्यंही फार लांबवता येणार नाहीत. डॉक्टरांनी दिलेला एक परिच्छेद जसाच्या तसा देते:

"ग्रेव्ह'स डिसीझमध्ये बीपी असणाऱ्या रुग्णांनी ई.सी.जी. काढून घ्यावा. ई.सी.जी.मध्ये ए.एफ. असल्यास थ्रॉम्बाय तयार होऊ शकतात. थ्रॉम्बाय मेंदूत गेल्यास स्ट्रोक येतो."

लघुरूपं देवनागरीत ठेवू की रोमन लिपीत? थ्रॉम्बायचं काय करू? आणि त्या 'ग्रेव्ह'नंतरच्या चिन्हाचं?

शुद्धमती
सरळ मराठी लिहा. ईसीजीला हृदयविद्युतालेख, बीपीला रक्तदाब, थ्रॉम्बायला रक्तगुठळ्या. शेवटी शब्दसूची दिली की कोणाची तक्रार राहत नाही. आपण वापरलेच नाहीत तर शब्द रुळणार कसे?

रानजाई
शब्दसूचीला जागा नाही हो ताई. वर लिहिलं आहे.

खिळेजुळारी
आयुष्य छपाईत गेलं, म्हणून सांगतो. ते टिंब आधी काढा. 'ई.सी.जी.मध्ये' असं छापलं की 'मध्ये' नव्या वाक्यासारखं दिसतं, आणि अरुंद रकान्यात नेमकी तिथेच ओळ तुटते. 'ईसीजीमध्ये' एकसंध राहतं. रोमन अक्षरं तर घालूच नका. मराठी ओळीत ती उंच उभी राहतात, आणि त्यांना 'मध्ये' चिकटवावं की सुटं लिहावं यावर प्रत्येक पानावर वेगळा निर्णय झालेला दिसतो.

तळ्यातमळ्यात
बीपीचं विचारताय तर दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. आमच्या बाबांचं मनगटावरच्या मशीनवर रोज वेगळंच यायचं. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवतो आम्ही, आता वरचं-खालचं दोन्ही नीट येतं.

रानजाई
मशीन नाही, लेखनाबद्दल विचारते आहे. पण तुमचं 'वरचं-खालचं' मला पत्रकात उपयोगी पडेल. सिस्टॉलिक, डायस्टॉलिक यापेक्षा ते लोकांना लगेच कळतं.

नवाबदल
आजारांच्या नावातला तो 'स' आता जागतिक पातळीवर बऱ्याच ठिकाणी गळत चालला आहे. पूर्वी पार्किन्सन्स, डाऊन्स म्हणत, आता बरेच जण पार्किन्सन, डाऊन लिहितात. ज्याने वर्णन केलं त्याचा आजार त्याच्या मालकीचा नव्हता, हे कारण. तेव्हा सगळीकडचा 'स' काढून टाका: पार्किन्सन, हॉजकिन, क्रोन, ग्रेव्ह. एकच नियम, भांडण संपलं.

भूलतज्ज्ञ_निवृत्त
नवाबदल, नियमाची दिशा बरोबर, पण ग्रेव्हवर तो घसरतो. डब्लिनच्या त्या डॉक्टरांचं आडनावच ग्रेव्हज होतं, रॉबर्ट ग्रेव्हज, वर्णन 1835 चं. शेवटचा 'ज' त्यांच्या नावातला आहे, षष्ठीचा नाही. मूळ मजकुरातलं 'ग्रेव्ह'स' त्याच कारणाने चूक आहे, कारण ग्रेव्ह नावाचं कोणी नव्हतंच. ब्राझीलच्या कार्लोस शागास यांच्या नावाच्या आजाराचंही तसंच. त्यातला 'स' काढला तर शागा उरेल. म्हणून 'स' दिसला की आधी माणसाचं आडनाव शोधायचं, मग कात्री लावायची.

मराठीत यापेक्षा मोठी गोष्ट अशी की आपल्याकडे षष्ठी स्वतःची आहे. 'पार्किन्सन्सचा आजार' म्हटलं की इंग्रजी 'स' आणि मराठी 'चा' अशा दोन षष्ठ्या एकावर एक बसतात. 'पार्किन्सनचा आजार' लिहिलं की पुरतं. तसंच अल्झायमरचा आजार, क्रोनचा आजार, ग्रेव्हजचा आजार. ते वरचं चिन्ह देवनागरीत कुठेच नको.

पिंपळपान
आणि लाइम? तोही लाइम नावाच्या डॉक्टरांचाच ना? मग लाइमचा आजार.

भूलतज्ज्ञ_निवृत्त
नाही, लाइम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं गाव. इबोला नदी, झिका जंगल. जागेवरून आलेल्या नावाला 'चा' लावला की वाचणारा माणूस शोधत बसतो. तिथे नुसतं 'लाइम आजार' लिहावं.

मेघना_वार्ता
मी बातम्या लिहिते. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात गियाँ-बारेचे रुग्ण वाढले तेव्हा मराठीत त्या नावाची किती रूपं छापून आली ते आठवतं का? गुलेन बॅरी, गुइलेन बॅरे, आणखीही. नातेवाईक एक रूप शोधणार आणि माहिती दुसऱ्या रूपाखाली असणार. शेवटी सगळे जीबीएसवर आले. म्हणून माझं मत, नाव अवघड असेल तर लघुरूपच टिकतं.

भूलतज्ज्ञ_निवृत्त
जीबीएस टिकलं ते रुग्णाच्या कागदावरही तेच होतं म्हणून. उच्चाराच्या बाबतीत मी फ्रेंचच्या जवळचं रूप घेईन, पण एकदा घेतलं की पत्रकभर तेच. आणि मधली आडवी रेघ ठेवा. गियाँ आणि बारे ही दोन माणसं. 1916 च्या त्या लेखात तिसरे श्ट्रोलही होते, नावातून ते गळले. मात्र रेघ दिसली की दोन माणसं असं धरू नका. ब्राउन-सेकार हे एकच गृहस्थ.

शुद्धमती
म्हणजे आपल्या रुग्णाने परक्या माणसांची आडनावं पाठ करायची? कंपवात हा शब्द असताना पार्किन्सन कशाला?

भूलतज्ज्ञ_निवृत्त
कंपवात मलाही आवडतो, आणि त्या आजारासाठी तो चालतो. ग्रेव्हजला तसा रुळलेला शब्द नाही. आणि आडनावाचा कधी फायदाही होतो. कुष्ठरोगाला हॅन्सेनचा आजार म्हणतात, त्याने कलंकाचं ओझं थोडं उतरतं. अडचण येते ती देश बदलला की. ग्रेव्हजला जर्मनीत बाझेडो म्हणतात. तिथून आलेल्या रुग्णाच्या कागदावर तेच असेल.

आईची_लेक
माझं एक सांगू? माझ्या आईच्या कागदावर एमएस लिहिलं होतं. भावाने नेटवर शोधलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस वाचून घरात रडारड. प्रत्यक्षात हृदयाच्या झडपेचा मायट्रल स्टेनोसिस होता. कोणी एक वाक्य समजावलं असतं तर ती रात्र गेली नसती.

भूलतज्ज्ञ_निवृत्त
हाच खरा धोका. कोणतं लघुरूप ठेवायचं हे ठरवायला मी एवढंच पाहतो: ते घराघरात बोललं जातं का, आणि त्याचा दुसरा अर्थ निघतो का. ईसीजी दोन्हींत उत्तीर्ण होतो. एमएस दोन्हींत नापास, तिथे पूर्ण नावच हवं. एचबीए1सी कोणी बोलत नाही, लोक 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात, तेच लिहावं.

बीपीचं वेगळं आहे. सगळे बोलतात, पण बोलण्यात त्याचा अर्थ सरकला आहे. 'त्यांना बीपी आहे' म्हणजे रक्तदाब जास्त आहे. पत्रकात 'बीपी असणाऱ्या रुग्णांनी' लिहिलं तर कमी रक्तदाबाचा त्रास असलेली बाई हे आपल्यासाठी आहे की नाही म्हणून थांबते. 'बीपी जास्त असणाऱ्यांनी' लिहिलं की शंका राहत नाही. 'बीपी कमी झालं'चंही तसंच. गोळीने 160 चं 130 झालं की 130 चं 85, ते त्यातून कळत नाही. पुढे आकडा लिहा.

खिळेजुळारी
बीपी वाढला की वाढलं? आमच्याकडे कायम 'वाढला'.

मेघना_वार्ता
'वाढलं'. 'बीपी वाढला' मी कधी ऐकलेलं नाही.

खिळेजुळारी
रक्तदाब पुल्लिंगी, म्हणून बीपीही पुल्लिंगी. ईसीजी काढला, एक्स-रे काढला, तसंच.

मेघना_वार्ता
मग सोनोग्राफी केली का म्हणतो? लिंग शेवटच्या स्वरावरून आणि सवयीवरून बसतं. मूळ शब्दाचं लिंग लघुरूपाला चिकटून येतंच असं नाही.

नवाबदल
अनेकवचनाकडे या. थ्रॉम्बाय हे थ्रॉम्बसचं अनेकवचन, तर एका गुठळीला थ्रॉम्बस आणि अनेकांना थ्रॉम्बाय हेच शास्त्रशुद्ध. तसंच एक असेल तर बॅक्टेरियम लिहावं. 'हा बॅक्टेरिया' ही ढोबळ चूक आहे.

भूलतज्ज्ञ_निवृत्त
लॅटिनमध्ये चूक. मराठीत शब्द आला की वचन दाखवायचं काम मराठी करते. 'हा बॅक्टेरिया', 'हे बॅक्टेरिया', 'बॅक्टेरियामुळे', 'बॅक्टेरियांमुळे'. क्रियापद आणि अनुस्वार पुरतात. 'प्लेटलेट्स कमी झाल्या' म्हणताना आपण इंग्रजी अनेकवचन घेतलं आणि वर मराठी स्त्रीलिंगी अनेकवचनही चढवलं. कोणालाही ते खटकत नाही, ते तसंच राहू द्या. पण थ्रॉम्बाय बोलण्यात नाहीच. त्या परिच्छेदात थ्रॉम्बस माहीत असलेल्यालाही थ्रॉम्बाय हा वेगळा पदार्थ वाटेल. गुठळी-गुठळ्या म्हणा.

जिथे संख्येला अर्थ आहे तिथे ती स्पष्ट सांगा. कर्करोगाच्या पत्रकात मेटास्टेसिस आणि मेटास्टेसीज यांतला फरक कोणाच्या कानाला कळणार आहे? 'यकृतात एक गाठ' की 'यकृतात तीन गाठी' असं लिहा.

आता तुमचा परिच्छेद मी असा करेन:

"ग्रेव्हजच्या आजारात थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते. त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित पडू शकतात. हे पाहण्यासाठी ईसीजी काढतात. ईसीजीच्या रिपोर्टवर एएफ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ हाच अनियमितपणा. अशा वेळी हृदयात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. एखादी गुठळी मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो."

बीपी मुद्दाम काढलं. ग्रेव्हजमध्ये ईसीजी काढायला बीपी जास्त असण्याची अट नाही. मूळ वाक्य वाचून रक्तदाब ठीक असलेला रुग्ण ईसीजी टाळेल. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पिंपळपान
मूळ परिच्छेदापेक्षा लांब झाला की. जागा कमी आहे म्हणाल्या होत्या त्या.

शुद्धमती
'रिपोर्ट'ऐवजी अहवाल चालला असता.

रानजाई
सर्वांचे आभार. डॉक्टरांना विचारलं. बीपीची अट काढायला ते लगेच तयार झाले, ग्रेव्हजबद्दलही पटलं. परिच्छेद लांबला तो चालेल, त्यासाठी एक चित्र काढते आहे.

दोन गोष्टी मात्र मी तुमच्या सांगण्याबाहेर करते आहे. पुढच्या पानावर रक्तदाबाचा उल्लेख आहे, तिथे बीपी पूर्णच टाळून 'रक्तदाब' लिहीन आणि कंसाविना 'वरचा आकडा, खालचा आकडा'. आणि एएफ देवनागरीत घालणार नाही. रुग्णाच्या कागदावर ती दोन अक्षरं रोमन लिपीत असतात, 'एएफ' वाचून ती ओळखायची कशी? ईसीजीच्या कागदाच्या छोट्या नमुन्यावर ती जशीच्या तशी छापून बाण दाखवीन.

खिळेजुळारी
नमुना छापताय तर कागदाच्या चौकटी फिकट ठेवा, नाहीतर अक्षरं बुडतील. रोमनला माझा विरोध कायम आहे.

भूलतज्ज्ञ_निवृत्त
रोमनचं कारण पटलं. पण जे स्वतः वाचत नाहीत, घरचं कोणी मोठ्याने वाचून दाखवतं, त्यांच्यासाठी 'एएफ' मजकुरातही एकदा हवं असं मला अजून वाटतं.

मेघना_वार्ता
आणि रक्तदाब लिहिलात म्हणजे 'वाढला' की 'वाढलं' हा वाद तसाच राहिला. खिळेजुळारी, मी वेगळा धागा काढते.