आई-बाबांसाठी ठेवलेल्या मावशी-मामांचे अनुभव लिहा

कोथरूडकर
सुरुवात मी करते. अर्धांगवायूच्या झटक्याने आईची उजवी बाजू गेली, तेव्हा ब्यूरोकडून मावशी आल्या. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

आल्या आल्या त्यांनी एक वही मागून घेतली. खाणं, गोळ्या, लघवी, शौच, बीपी, कूस कधी बदलली, सगळं वेळेसकट त्यात लिहितात. अक्षर वेडंवाकडं, पण सोडत काही नाहीत. रात्री निघण्याआधी पानाचा फोटो ग्रुपवर टाकतात, त्यामुळे दुबईतल्या भावाचा रोज मला होणारा ‘आज कशी आहे’चा फोन थांबला.

एका दुपारी त्यांचा ऑफिसात फोन आला. ‘ताई, चहाला ठसका लागला, आणि नंतर आजींचा आवाज घशात पाणी असल्यासारखा येतोय. मी पाजायचं थांबवलंय.’ ठसका मलाही दिसला असता, आवाजातला फरक मात्र माझ्या लक्षात आला नसता. डॉक्टर म्हणाले, पातळ पदार्थ श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे, त्यातून न्यूमोनिया होतो. त्यांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. तिथे गिळण्याची तपासणी झाली आणि आईसाठी पद्धत ठरवून मिळाली: पाणी-चहा घट्ट करून, सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, घास डाव्या गालात. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. उजव्या गालात अन्न साठतं आणि आईला ते कळत नाही, म्हणून मावशी शेवटी तोंड उघडून बघतात.

अंग पुसताना चादर धरतात, हात लावण्याआधी ‘आजी, आता वळवते हं’ म्हणतात. आईला बोलता येत नाही, तरी हे चुकत नाही.

अडचण रजेची. मावशी आठवडाभर आधी सांगतात, पण ब्यूरोची बदली बाई ऐनवेळी येते आणि तिला काहीच माहीत नसतं. भरवण्याची पद्धत आता मावशींनीच कागदावर लिहून पलंगाशी चिकटवली आहे.

सांगलीचा सदू
आमच्या आजोबांना एअर बेड घेतला आणि कूस बदलायची कटकटच संपली. पाठीला जखम नाही. तुम्हीही घ्या, मावशींचे कष्ट वाचतील.

निवृत्त सिस्टर
सदू, गादी चांगलीच, पण तिने दाब कमी होतो, संपत नाही. कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी. नेमकं अंतर पेशंट बघून ठरतं. पंप बंद पडला तर पेशंट खालच्या पलंगावर टेकतो. म्हणून माकडहाडाखाली, गादीच्या खालून हात घालून हवा आहे ना बघायचं.

मावशी कशा आहेत हे मी अंघोळीच्या वेळी ओळखते. त्या टाचा, माकडहाड, खुब्याचं हाड बघतात का? लाल डाग बोटाने दाबून सोडला की पांढरा होऊन परत लाल व्हायला हवा. तसाच लाल राहिला तर जखमेची सुरुवात. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम किंवा टणक लागते का ते चाचपायचं. डाग चोळायचा नाही, आणि पेशंटला ओढून वर सरकवायचं नाही. चादरीला धरून दोघांनी उचलायचं.

सांगलीचा सदू
टाचा कधी बघितल्याच नाहीत. आज बघतो.

गोदाकाठ
आमचं वेगळं. बाबा चालते-फिरते, पण स्मृतिभ्रंश. संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’. पहिला माणूस ‘हेच तुमचं घर’ म्हणून वाद घालायचा, बाबा आणखी चिडायचे. आत्ताचे मामा चपला पुढे ठेवतात, सोसायटीला फेरी मारून आणतात, तेवढ्यात विषय विसरलेला असतो. मात्र मामा फोनवर फार असतात आणि बाबांनी काही खाल्लं नाही तर विचारल्याशिवाय सांगत नाहीत. कॅमेरा लावावा का?

बाळाची आई
सहा महिन्यांच्या बाळासाठी मावशी हवी आहे. याच ब्यूरोत मिळतात का?

कोथरूडकर
बाळाची आई, आमच्या ब्यूरोत फक्त पेशंटसाठी मिळतात हो.
गोदाकाठ, आम्ही हॉलमध्ये लावला, मावशींना सांगून. आईच्या खोलीत नाही, तिथे अंग पुसतात, कपडे बदलतात.

गोदाकाठ
पण पडण्याची भीती खोलीतच असते ना! बहीण म्हणते लाव, मामा म्हणतात लावलात तर मी येणार नाही. तूर्त वही सुरू करतोय. लिहायला मामा तयार आहेत, फक्त म्हणाले, रकाने तुम्ही आखून द्या.