बिलाच्या रांगेत लोळण: आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

वहिनी: आत्या, तुम्हाला एक विचारायचं होतं. आज सुपरमार्केटमध्ये बिलाच्या रांगेत पिल्लूने जमिनीवर लोळण घेतली. काउंटरजवळच्या रॅकवर दिवे लागणारा बॉल दिसला, मी नाही म्हटलं आणि भोकाड सुरू. भरलेली ट्रॉली, मागे रांग, सगळे बघतायत. मी समजावत होते, पण मी जितकं बोलेन तितका आवाज वाढत होता.

दादा: शेवटी मी बॉल ट्रॉलीत टाकला. लगेच शांत. लोकांचाही खोळंबा वाचला.

काका: आमच्या वेळी एक धपाटा बसायचा, विषय संपायचा.

आत्या: तुमच्या वेळी तू तासभर मुसमुसत बसायचास, मी साक्षीदार आहे. 😄 चिडलेल्या पोराला मारलं की रागात भीती मिसळते, रडणं लांबतं. आणि मोठ्या माणसाला राग आला की हात उचलायचा, एवढंच ते शिकतं. वहिनी, पिल्लू आता सव्वादोन वर्षांचं ना? हे याच वयात सगळ्यात जास्त होतं. पाहिजे ते कळतं, मागता येतं, पण ‘नाही’ ऐकल्यावर उसळलेला राग आवरणारा मेंदूचा भाग अजून कच्चा असतो. आत्ता किचनमध्ये आहे, जेवणं झाली की नीट लिहिते. तोवर एकच सांग, समजावताना तू नेमकं काय बोलत होतीस?

वहिनी: हेच की घरी असा बॉल आहे, हा लगेच तुटेल, परवाच नवीन खेळणं घेतलं, शहाणं बाळ असं करत नाही, बघ सगळे हसतायत वगैरे.

आत्या: चला, बसले आता. माझ्या कामात इतकी वर्षं अशीच मुलं बघितली, त्यावरून सांगते. या थयथयाटात राग आणि दुःख अशा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. राग सुरुवातीलाच एकदम वर चढतो आणि मग उतरत जातो. दुःख मात्र मागे रेंगाळतं. राग चढलेला असताना किंचाळणं, पाय आपटणं, वस्तू फेकणं सुरू असतं. तो उतरला की हुंदके, कुरकुर, आणि आईकडे सरकणं. पोटेगल आणि डेव्हिडसन या अमेरिकन संशोधकांनी पालकांकडून अशा प्रसंगांची बारीक वर्णनं घेऊन 2003 मध्ये हे मांडलं होतं. त्यांच्या नोंदींत चारातले तीन थयथयाट 5 मिनिटांत किंवा त्याआधीच संपले होते.

आत्या: म्हणजे पहिल्या टप्प्यात तू जे बोललीस त्यातलं काही पिल्लूपर्यंत पोचलं नाही. पोचला तो फक्त आणखी एक आवाज. तेव्हा बोलणं जवळजवळ बंद ठेवायचं. समजावायचं ते नंतर, आवाज बदलल्यावर.

दादा: आवाज बदलला हे त्या गोंधळात कसं कळणार?

आत्या: कळतं रे. किंचाळी सरळ, ताणलेली आणि उंच असते. ती मोडते आणि मधेमधे श्वास घेत हुंदके येतात. अंग ताठ असतं ते सैल पडतं. आणि ते तुमच्याकडे बघतं, हात पुढे करतं किंवा कुशीत शिरायला बघतं. तोवर जवळ घेतलं तर ढकलून देतं, आणि आईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत नसतं, वेळ झालेली नसते.

वहिनी: पण तोवर करायचं काय? रांगेच्या मधोमध पसरलेलं असतं. लोकांना ट्रॉली काढायला जागा नाही.

आत्या: आजचाच प्रसंग घेऊ. बॉल दिसला, तू नाही म्हणालीस, ते खाली आडवं झालं. पहिलं काम जागेचं. आजूबाजूला ट्रॉलीची चाकं, सरकता जिना, काचेचं कपाट असं काही असेल तर वाट न बघता उचलायचं. नसलं तरी गर्दीच्या मधून बाजूला न्यायचंच, कारण जितके जास्त डोळे आणि आवाज, तितका राग उतरायला वेळ. ट्रॉली दादाने सांभाळायची. एकटी असशील तर ती कडेला लावून काउंटरवरच्या माणसाला ‘दोन मिनिटांत येते’ सांगायचं आणि निघायचं. सामान कुठे पळत नाही.

आत्या: उचलायचं कसं ते नीट वाच. एक हात धरून ओढायचं नाही. मनगट धरून झटका दिला की या वयाच्या मुलांचं कोपराजवळचं हाड जागचं सरकतं. आमच्याकडे अशी मुलं यायची, आणि बहुतेक वेळा गोष्ट हीच: ‘हट्ट करत होता म्हणून हाताला धरून उठवलं.’ मूल तो हात जरासा वाकवून अंगाशी धरून ठेवतं, वापरतच नाही. सूज दिसत नाही म्हणून घरचे म्हणतात नाटक करतंय. अशा वेळी हात घरी ओढून-पिळून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, डॉक्टरकडे न्यायचं. ते बहुतेक वेळा क्षणात बसवून देतात.

आत्या: उचलताना मागून जायचं, दोन्ही काखांखालून हात घालायचे आणि त्याची पाठ आपल्या छातीला, तोंड बाहेर. म्हणजे लाथा आपल्याला बसत नाहीत आणि मागे डोकं आपटलं तरी आपल्या खांद्याजवळ येतं. आपली हनुवटी तेवढी बाजूला ठेवायची. 🙂

काका: अनुभवाचे बोल!

आत्या: दात हलला होता एकदा. तर, भिंतीकडेला किंवा दाराबाहेर शांत जागी खाली ठेवायचं आणि आपणही त्याच्या उंचीला बसायचं. हलक्या आवाजात एकच वाक्य: ‘बॉल हवा होता. राग आला. मी इथेच आहे.’ मग गप्प. डोळ्यांत डोळे घालून बघत बसायचं नाही, त्यानेही काही मुलं चेवतात. स्वतःला मारायला लागलं तर फक्त हात मधे घालायचा. आपला श्वास मुद्दाम सावकाश सोडायचा. त्यात चमत्कार काही नाही, आपण ओरडणार नाही एवढाच फायदा.

आत्या: मग आवाज मोडतो. आता जवळ घ्यायचं, पाठीवर हात फिरवायचा. ‘बॉल नाही मिळाला, खूप वाईट वाटलं.’ डोळे पुसायचे, पाणी द्यायचं. आणि परत आत जाऊन बिल करायचं. हे परत जाणं महत्त्वाचं आहे. जमेल तर दुसऱ्या काउंटरवर, जिथे तो रॅक डोळ्यांसमोर नाही. हातात काहीतरी काम: ‘हे डबे तू त्या काकांना दे.’ बॉल मात्र घ्यायचा नाही.

दादा: आत्या, खरं सांगा, एका बॉलने काय बिघडलं? घेण्यासारखा होता.

आत्या: बॉलने काहीच बिघडलं नाही. कधी दिलास त्याने बिघडलं. घेण्यासारखा होता तर मागितल्या मागितल्या द्यायचा होतास, मीही दिला असता. ‘नाही’ म्हणून, किंचाळू देऊन मग दिला, तर त्याच्या हिशोबात ‘नाही’ म्हणजे अजून थोडं जोरात. आणि कधी द्यायचं, कधी नाही असं चाललं तर सवय आणखी चिवट होते, कारण पुढच्या वेळी कदाचित मिळेल ही आशा राहते. म्हणून ‘नाही’ म्हणायच्या आधी स्वतःला विचारायचं, हे मी शेवटपर्यंत नाहीच ठेवणार आहे का? नसेन तर सरळ हो म्हणावं.

आत्या: आणि आजपासून ठाम राहिलात तर पुढचे एकदोन प्रसंग आजच्यापेक्षा मोठे होतील. आधी चालणारी युक्ती चालेना की मूल ती जास्त जोरात करून बघतं. बरेच पालक नेमके इथे माघार घेतात, आणि मग त्या जास्तीच्या जोरालाच बक्षीस मिळतं.

वहिनी: पण कधी कधी मागितलेलं देऊनही रडणं थांबत नाही. परवा लग्नात तसंच झालं, खेळणं हातात दिलं तर फेकून दिलं.

आत्या: तो वेगळा प्रकार. तिथे हट्ट खेळण्याचा नव्हताच. आवाज, दिवे, अनोळखी माणसं, वर झोपेची वेळ टळलेली. असं मूल कानांवर हात ठेवतं, डोळे मिटतं, तोंड तुमच्या अंगात खुपसतं, आणि काहीही दिलं तरी नको म्हणतं. तिथे ठाम राहण्यासारखं काही नसतंच. बाहेर न्यायचं, अंधुक शांत जागी कडेवर धरून बसायचं, आणि बहुतेक वेळा सरळ घरी. अर्थात दोन वर्षांच्या मुलात दोन्ही सरमिसळ असते. दमलेलं नसतं तर बॉलवरून एवढं पेटलंही नसतं. आज किती वाजता गेला होतात?

वहिनी: दुपारची झोप झाली नव्हती. 🙈

आत्या: झालं तर मग. 🙂

मी: आणि आपण रांगेत मागे उभे असू, दुसऱ्याचं मूल असं करत असेल, तर काय करावं? मला नेहमी अवघडल्यासारखं होतं.

आत्या: मुलाशी बोलायला जायचं नाही. ‘पोलीसकाका नेतील हं’ तर अजिबात नको. आईला हळूच विचारायचं, ‘तुमची ट्रॉली बघू का?’ तिला तेवढंच हवं असतं. नाहीतर सरळ दुसरीकडे बघायचं.

आजी: हा दादा लहानपणी रडता रडता श्वास धरायचा, ओठ निळे व्हायचे. तेव्हा जे मागेल ते द्यायचो. पिल्लूने तसं केलं तर?

आत्या: आई, तुम्ही घाबरलात ते साहजिक होतं. काही मुलांचं होतं तसं. रडताना श्वास अडकतो, निळं पडतं, कधी क्षणभर शुद्ध हरपते, आणि श्वास आपोआप परत सुरू होतो, सहसा मिनिटाच्या आत. तेव्हा कुशीवर आडवं करायचं, आजूबाजूचं लागण्यासारखं दूर करायचं. हलवायचं नाही, तोंडात बोट किंवा पाणी घालायचं नाही. मिनिटभरात श्वास आला नाही तर ताबडतोब मदत बोलवायची. आणि पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना दाखवायचंच. ते रक्तातलं लोहही तपासायला सांगतात, कारण लोह कमी असलं की हे जास्त होतं. पण त्या भीतीने मागेल ते द्यायचं नाही, नियम तोच.

दादा: आणि मोबाईल? गाणं लावलं की गप्प बसतं.

आत्या: डॉक्टरकडे लांब रांग आहे, विमान उतरतंय, तिथे लाव, मी काही म्हणणार नाही. पण दर वेळी किंचाळल्यावर मोबाईल मिळाला तर तो बॉलच झाला. रांगेत शिरण्याआधी, रडायच्या आधी दिलास तर ती वेगळी गोष्ट.

वहिनी: किती झालं की काळजी करायची?

आत्या: बहुतेक वेळा 25 मिनिटांहून जास्त चालत असेल, अनेक दिवस दिवसातून पाचहून जास्त वेळा होत असेल, दर वेळी स्वतःला इजा करून घेत असेल किंवा दुसऱ्यांना जोरात मारत-चावत असेल, किंवा कुणी जवळ घेतल्याशिवाय कधीच स्वतःहून शांत होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलायचं. पिल्लूचं यातलं काही आहे का?

वहिनी: नाही. पाच-सात मिनिटं, तीही आठवड्यातून दोनतीनदा.

आत्या: मग निवांत राहा. पुढच्या खेपेला झोप झाल्यावर जा, आणि आत शिरायच्या आधीच सांग की आज खेळणं घ्यायचं नाही, सामान मोजायचं काम तुझं. दादा, तो बॉल आता घरात आहे तो राहू दे, परत घ्यायला जाऊ नकोस.

दादा: बरं आत्या. 🙏