शब्दचर्चा : ड्रोन ‘स्थिर’ राहतो म्हणजे नक्की काय करतो?

मुक्ता
नववीच्या मुलांसाठी चार मोटरींच्या ड्रोनची कार्यशाळा घेते आहे. फ्लाइट कंट्रोलरच्या मोडची माहिती मी मराठीत लिहून दिली. `Stabilize` समोर लिहिलं, ‘उजवी स्टिक सोडली की ड्रोन हवेत स्थिर राहतो.’ `Loiter` समोरही जवळजवळ तेच. रविवारी मैदानावर एका मुलीनं पहिल्या मोडमध्ये स्टिक सोडली. ड्रोन सपाट झाला, आणि तसाच सपाट राहून वाऱ्याबरोबर सरकत कुंपणापलीकडच्या बाभळीत जाऊन अडकला. एक आर्म मोडला. ती रडवेली होऊन म्हणाली, ‘ताई, तुम्हीच स्थिर राहतो लिहिलंय.’ चूक तिची नाही, माझ्या शब्दाची आहे. या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द सुचवा. मुलांना वाचताक्षणी कळायला हवेत.

अण्णा देशकर
‘स्थिर’ हा स्था धातूपासून आलेला शब्द, त्यात जागा न सोडणं आहेच. तेव्हा मुलीनं घेतलेला अर्थ बरोबर. पहिल्यासाठी ‘समतल’ घ्या आणि दुसऱ्यासाठी ‘स्थानबद्ध’.

रोहिणी_के
अण्णा, स्थानबद्ध म्हटल्यावर मला आणीबाणी आठवते. आमच्या काकांना घरातून नेलं होतं, तेव्हा पेपरात हाच शब्द असायचा. ड्रोनला नको.

शेखर
मी ‘तोल’ सुचवतो. तुला, तोलणे, तोल, सगळं एकाच घरातलं. आणि ड्रोन म्हणजे तराजूच की! मागच्या दोन मोटरी जोरात फिरवल्या की मागचं पारडं वर, पुढचं खाली, आणि ड्रोन पुढे जातो. जोवर पुढे जायचंय तोवर मागच्या मोटरी जोरात फिरत राहतात. चौघी सारख्या झाल्या की तोल आला, ड्रोन थांबला. मग ‘तोल धरणे’ एवढं एकच पुरे नाही का?

गणेश इ.
शेखरभाऊ, निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यातच बाभळीची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी बारा वर्षं हेच जोडतो-मोडतो आहे.

ड्रोन १२०० ग्रॅमचा धरा. जागेवर असताना प्रत्येक मोटरची उचल ३०० ग्रॅम. आता मागच्या दोघींना थोडं वाढवलं, पुढच्या दोघींना तेवढंच कमी केलं, तर ड्रोनचं नाक खाली जायला लागतं. पण तराजूसारखं एका कलावर जाऊन ते थांबत नाही. फरक आहे तोवर फिरणं वाढतच जातं आणि ड्रोन कोलांटी खाईल. म्हणून कंट्रोलर क्षणभर फरक देतो, मग फिरणं रोखायला क्षणभर उलटा फरक देतो, म्हणजे पुढच्या मोटरी जास्त. ३० अंश कल झाला की चारही पुन्हा जवळजवळ सारख्या. पुढून येणारा वारा नाक उचलू बघतो, तेवढ्यापुरत्या मागच्या किंचित जास्त राहतात, बस. म्हणजे कललेला ड्रोन जोरात पुढे जात असतो तेव्हाही चौघी सारख्याच असतात. लॉगमध्ये `RCOU` चे `C1` ते `C4` एकाखाली एक लावून बघा, दिसेल.

आणखी एक. ३० अंश कलल्यावर त्या ३०० ग्रॅममधले फक्त २६० वर उचलतात, बाकीची ओढ पुढे जाते. उंची टिकवायला प्रत्येकीला ३४६ ग्रॅम लागतात. उचल फेऱ्यांच्या वर्गानुसार वाढते, त्यामुळे फेऱ्या साधारण साडेसात टक्केच वाढवाव्या लागतात. `Stabilize` मध्ये हे काम तुमच्या डाव्या अंगठ्याचं. नवखा पुढे जाताना हमखास खाली येतो तो यामुळेच.

मुक्ता
हो! आमच्याकडे सगळे पुढे जाताना खाली येतात. मला वाटायचं बॅटरी उतरली.

गणेश इ.
आता बाभळीचं. `Stabilize` मध्ये कंट्रोलरला जायरो आणि ॲक्सिलरोमीटर यांवरून एवढंच कळतं की आपण किती कललोय. स्टिक सोडली की तो कल शून्यावर आणतो. वारा बाजूला ढकलतोय हे त्याला कळायला काही साधनच नाही, कारण जमिनीशी त्याची खूणगाठ नाही. `Loiter` मध्ये जीपीएस आलं, तो मीटरभर सरकला की परत येतो. आणि गंमत बघा, वाऱ्यात जागा धरायला त्याला वारा येतो त्या बाजूला कलूनच राहावं लागतं. म्हणजे एक मोड सपाट राहतो पण जागा सोडतो, दुसरा जागा धरतो पण सपाट राहत नाही. अण्णांचं ‘समतल’ मला पटतं.

सुनंदा (बारामती)
आमच्याकडे उसावर फवारणीचा ड्रोन येतो. चालवणारा पोरगा ‘टांगून ठेवलाय’ म्हणतो, दोरीला टांगल्यासारखा. दहा लिटरची टाकी रिकामी होत जाते तसा मोटरींचा आवाज उतरत जातो, मला बांधावरून कळतं औषध संपत आलं. पण परवा त्यांनी शेडजवळून उडवला तर तो जागेवर न थांबता गोल गोल फिरायला लागला, घेर वाढत गेला, शेवटी घाईनं उतरवला. याला काय म्हणायचं?

गणेश इ.
सुनंदाताई, शेड पत्र्याची आणि लोखंडी खांबांची आहे का? तसं असेल तर मला पहिला संशय कंपासचा. समजा कंपास ४० अंश चुकतोय. ड्रोन पूर्वेला सरकला, त्याला पश्चिमेला परतायचंय, पण तो तिरकाच जातो. ती चूक दुरुस्त करायला पुन्हा तिरका. अशानं वर्तुळ तयार होतं. घेर वाढताना दिसला की `AltHold` ला टाकून हातानं बाहेर काढायचा. त्यात जीपीएसचा हट्ट सुटतो, उंची मात्र तोच धरतो.

सुनंदा (बारामती)
खांब लोखंडीच आहेत. सांगते त्याला.

रोहिणी_के
या गोल फिरण्याला ‘घिरट्या’. आणि मुक्ता, `Loiter` ला सरळ ‘घुटमळणे’ का नाही? मूळ शब्दाचा अर्थही तोच.

अण्णा देशकर
घुटमळण्यात संकोच आहे, मन द्विधा आहे. दारात घुटमळतो तो माणूस. यंत्राला मन कुठलं? शिवाय घुटमळणारा इकडे तिकडे दोन पावलं टाकतोच.

रोहिणी_के
अण्णा, दोन पावलं टाकतो आणि परत तिथेच येतो! गणेशनी आत्ता तेच सांगितलं, सरकतो आणि परत येतो. कवड्या खंड्या तळ्यावर मासा हेरताना बघा, पंख इतके फडफडतात आणि डोकं जागचं हलत नाही. आमची आई त्याला ‘हवेत ठाण मांडलंय’ म्हणायची. ‘तरंगणे’ मात्र कुणी लिहू नका. तरंगतं ते पान, त्याला कष्ट नाहीत.

शेखर
‘तरंगणे’ला माझाही विरोध. पण मी ‘तोल’ सोडत नाही. `Stabilize` = ‘तोल धरणे’, `Loiter` = ‘जागा धरणे’. दोन्हीकडे धरणेच, फक्त काय धरलंय ते वेगळं. तराजूचं माझं चुकलं, मान्य.

मुक्ता
शेखर, हे मुलांना लगेच कळेल. मग `AltHold` ‘उंची धरणे’. तिन्ही एका माळेत बसतात. उद्याच्या कागदावर हेच छापते आणि खाली लिहिते, ‘तोल धरला तरी वारा नेतो.’

अण्णा देशकर
‘जागा धरणे’ म्हणजे एसटीत रुमाल टाकणे. माझा आक्षेप नोंदवून ठेवा.

गणेश इ.
मुक्ताताई, छापण्याआधी एक बघा. पुढच्या वर्षी विमानाचं मॉडेल घेणार म्हणाला होतात. त्यातही `Loiter` नावाचाच मोड आहे, पण विमानाला हवेत थांबता येत नाही, ते त्या जागेभोवती गोल फिरत राहतं. तिथे ‘जागा धरणे’ कसं चालेल?

रोहिणी_के
तिथे घिरट्या! म्हणजे ड्रोनच्या घिरट्या हा बिघाड आणि विमानाच्या घिरट्या हे काम. मग सुनंदाताईंच्या शेडवाल्या प्रकाराला वेगळा शब्द लागेल.

सुनंदा (बारामती)
तो पोरगा त्याला ‘भोवंडला’ म्हणाला होता.