मदत हवी आहे: दुसऱ्याने टाकलेली हिंदी सबटायटल्स कशी काढू?

नाशिकजवळ आमची द्राक्षबाग आहे. 2019 मध्ये छाटणीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता. तेव्हा प्रेक्षकांनाही सबटायटल्स भरता यायची; ती सोय सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाली, पण आधी प्रसिद्ध झालेली तशीच राहिली. कुणीतरी हिंदी भरलंय, हेतू चांगलाच असणार. पण मी म्हणतो "लिटरला दोन मिली", खाली दिसतं "बीस मिली"! परवा एकाने तेवढंच मारू का म्हणून विचारलं, तेव्हा कळलं.

स्टुडिओत सबटायटल्समध्ये जाऊन हिंदीच्या ओळीतल्या तीन टिंबांतून Unpublish केलं. शीर्षकाचं हिंदी भाषांतर मात्र अजून दिसतंय. ते वेगळं काढावं लागतं का? आणि सबटायटल्स कायमची Delete करण्याआधी फाइल उतरवून घेऊ का? आकडा दुरुस्त करून तीच परत चढवावी म्हणतो.