मदत हवी आहे: पायाचं ३०% अपंगत्व, पण विमा कंपनी १०% धरते (नागपूर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण)

वर्धा रोड ओलांडताना काकांना कारने उडवलं. वय ४३, शिवणकाम, पायमशीन. उजवी मांडी मोडली, आता गुडघा पूर्ण वाकत नाही. कलम १६६ खालचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल आहे. पॉलिसी आणि चालकाचा परवाना वैध, म्हणजे तो वाद नाही. वाद फक्त टक्क्यांचा.

प्रमाणपत्रावर ३०% आहे, पण ते उजव्या पायाचं. कंपनी म्हणते, पूर्ण शरीराचं १०% धरा. आमचं म्हणणं, पायमशीन चालवणाऱ्याची कमाई निम्म्याने गेली. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालानुसार कमाईची क्षमता किती घटली हेच बघायचं असतं. फरक मोठा आहे: महिना १५,००० धरले तर वर्षाचे १,८०,०००, त्यात भविष्यातील वाढ २५%, गुणक १४, मिळून ३१,५०,०००. त्याचे १०% म्हणजे ३,१५,०००, आणि ५०% म्हणजे १५,७५,०००.

प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी डॉक्टरांना दोनदा समन्स काढलं, ते आले नाहीत. काकांची साक्ष आणि उलटतपासणी झाली आहे. आयकर विवरण नाही. दुकानाची भाडेपावती आणि गिऱ्हाइकांची वही आहे. दवाखान्याची बिलं आधीच दाखल आहेत, लोकअदालतीतली तडजोड सध्या नको.

आता कोर्ट कमिशनर नेमून डॉक्टरांची साक्ष त्यांच्याच दवाखान्यात नोंदवायचा अर्ज करावा, की उपचार करणाऱ्या खाजगी हाडांच्या डॉक्टरांना साक्षीला बोलावलं तरी ५०% टिकेल? आणि पायमशीन चालवता येत नाही हे डॉक्टरांकडून नेमक्या कोणत्या प्रश्नांनी नोंदवून घ्यायचं?